पाणी नव्हे, पाठ : बोलता न येणाऱ्या मुलीसोबत अक्षरफळा कसा वापरायचा

मनू चौथीत होती (नाव बदललं आहे). दुपारच्या सुट्टीनंतरचा तास चालू होता आणि ती खुर्चीत अस्वस्थ झाली. मी अक्षरफळा पुढे घेतला. मी एकेक ओळ आणि अक्षर विचारत गेले, तिने नजरेच्या खुणेने 'प' निवडला, मग काना. 'पा' झाला. पुढच्या अक्षरासाठी ट-ठ-ड-ढ-ण ही ओळ तिने निवडली आणि मी म्हणाले, "पाणी!" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग 'हो'च्या पट्टीकडे. मी बाटली आधीच उघडली होती. दोन घोट पाजले. पाच मिनिटांत ती पुन्हा चुळबुळायला लागली, मी पुन्हा पाणी दिलं. शाळा सुटल्यावर आजी न्यायला आली. तिने मनूला पुढे वाकवून मागे हात घातला. खुर्चीच्या पाठीवरचा फोम सरकला होता आणि एक बोल्ट थेट मणक्यापाशी टोचत होता. कातडीवर लाल वळ उठला होता. मनूला म्हणायचं होतं, 'पाठ'.

तिने 'हो' का म्हटलं, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. उत्तर सोपं आहे. चार ओळी सोसून ती दमली होती, समोरच्या बाईंनी बाटली उघडली होती, आणि 'नाही' म्हटलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मनूला सेरेब्रल पाल्सी आहे. अशा मुलांच्या गिळण्यातही बऱ्याचदा अडचण असते, त्यामुळे नको असताना पाजलेलं पाणी ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणजे माझी घाई नुसती उद्धट नव्हती, धोक्याची होती.

मी विशेष शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून फिरते. फळा दोन दिवसांत तयार होतो, पण फळ्यासमोर बसणारा माणूस तयार व्हायला महिने लागतात. म्हणून या लेखात फळ्याइतकंच त्या माणसाबद्दलही लिहिलं आहे. त्याला मी साथीदार म्हणते. तो शिक्षक असेल, आई, आजी, नाहीतर शेजारच्या बाकावरची मैत्रीण.

आधी मूल नीट समजून घ्या

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूची वाढ होत असताना त्याला झालेली इजा. ही इजा पुढे वाढत नाही, पण हालचालीवरचा ताबा कायमचा बिघडतो. मनूला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी जबर कावीळ झाली आणि उपचाराला उशीर झाला. रक्तातलं बिलिरुबिन मेंदूत खोलवर पोचलं आणि हालचालींचा मेळ घालणाऱ्या भागाला त्याने इजा केली. डॉक्टर या प्रकाराला अ‍ॅथेटॉइड किंवा डिस्कायनेटिक म्हणतात. हात पुढे करायला गेलं की हात भलतीकडे जातो, मान वळते, जीभ आणि ओठ एकमेकांना साथ देत नाहीत. मूल जितकी धडपड करेल किंवा जितकं उत्तेजित होईल, तितक्या या नको त्या हालचाली वाढतात. झोपेत त्या थांबतात. आणि या सगळ्याच्या आत बुद्धी पुष्कळदा शाबूत असते.

काविळीचा इतिहास असेल तर तीन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम विचारा. एक, ऐकू नीट येतं का? या काविळीत श्रवणाच्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. मूल आवाजाला दचकतं, पण शब्द स्पष्ट कळत नाहीत, असंही होतं. बेरा नावाची तपासणी त्यासाठी करतात. दोन, डोळे वर वळतात का? अशा मुलांना नजर वर नेणं अवघड जाऊ शकतं. तीन, फिट येतात का आणि औषधाची गुंगी कोणत्या वेळी असते? गुंगीच्या वेळेत फळा घेऊन बसलात तर मुलाला काही येत नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

यातल्या दुसऱ्या प्रश्नाने आमचं एक कोडं सोडवलं. 'वर बघ म्हणजे हो' अशी खूण घरच्यांनी मनूला शिकवली होती. बऱ्याच मुलांना ती जमते. मनूला वर्षभर जमली नाही आणि सगळ्यांची समजूत झाली की तिला प्रश्नच कळत नाहीत. नेत्रतज्ज्ञांनी पाहिल्यावर उलगडा झाला. नजर वर नेणं तिला शक्यच नव्हतं. उजवीकडे आणि डावीकडे मात्र ती सहज बघत होती.

पहिली पायरी : पक्कं 'हो', पक्कं 'नाही'

हे पक्कं नसेल तर पुढचं काहीच चालत नाही. आठवडाभर नुसतं पाहा आणि लिहून ठेवा. कोणती हालचाल मूल मनाने करू शकतं, लगेच करू शकतं आणि दमल्यावरही करू शकतं? आजीला विचारा, कारण आजीला माहीत असतं. डोळे मिचकावणं ही खूण शक्यतो घेऊ नका. पापणी आपोआपही मिटते आणि मग कोणती मिचकावणी उत्तराची, हे कळत नाही. मान हलवणं अ‍ॅथेटॉइड मुलाच्या बाबतीत फसवं असतं.

मनूसाठी आम्ही खुर्चीच्या ट्रेवर तिच्या उजव्या हाताला हिरवी पट्टी लावली, तिच्यावर 'हो'. डाव्या हाताला लाल पट्टी, 'नाही'. जागा कायम त्याच. उजवं-डावं मुलाच्या बाजूने धरायचं, साथीदाराच्या नव्हे. नवा माणूस इथेच चुकतो. ट्रेच्या मधोमध पिवळी पट्टी लावली, 'दोन्ही नाही'. ही तिसरी पट्टी कुणाला सुचत नाही, पण तिच्याशिवाय मुलाला 'माहीत नाही', 'तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारताय', 'आता नको' यातलं काहीच म्हणता येत नाही. बिचारं मूल मग दोनांपैकी एकीकडे बघतं आणि आपण ते उत्तर समजतो.

खूण पक्की झाली का, हे तपासायला दहा प्रश्न घ्या, ज्यांची उत्तरं मुलाला नक्की माहीत आहेत. निम्म्यांचं उत्तर 'हो', निम्म्यांचं 'नाही', क्रम सरमिसळ. दप्तर दाखवून "ही बाटली आहे का?" असंही विचारा. नाणं उडवलं तरी दहापैकी पाच उत्तरं बरोबर येतात, म्हणून सहा-सात आली तरी खुश होऊ नका. नऊ-दहा, आणि तेही दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांसमोर आली, की खूण पक्की माना. कमी आली तर आधी खूण बदलून बघा, बसण्याची पद्धत तपासा, दिवसाची वेळ बदला. 'मुलाला समजत नाही' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

बसणं

बूड खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकलेलं, कंबर आणि गुडघे साधारण काटकोनात, तळवे कशावर तरी टेकलेले. पाय लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट ठेवा. एवढ्यानेही हात आणि मान शांत होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. कमरेचा पट्टा पोटावरून नव्हे, मांड्यांच्या सुरुवातीवरून तिरका जायला हवा. पाठीला टोचणारं काही नाही ना, हे रोज हात फिरवून बघा. आम्ही ते शिकलो, पण त्याची किंमत मनूने मोजली.

साथीदाराने अगदी समोर बसायचं. पुष्कळ मुलांमध्ये लहानपणची एक प्रतिक्षिप्त क्रिया टिकून राहते. मान उजवीकडे वळली की उजवा हात ताठ होऊन बाहेर फेकला जातो आणि डावा कोपरात दुमडतो. डावीकडे वळली की उलटं. म्हणजे तुम्ही बाजूला उभं राहून हाक मारली की मुलाचा सगळा तोल तुम्हीच मोडता. दारातून "मनू, काय करतेस?" असं ओरडणाऱ्या पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवते. फळा मध्यरेषेवर, हातभर अंतरावर. वर बघणं अवघड असेल तर डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली.

फळा

दोन फळे लागतात. पहिला शब्दांचा आणि चित्रांचा, रोजच्या घाईच्या बोलण्यासाठी. दुसरा अक्षरांचा, ज्यातून जगातलं काहीही म्हणता येतं.

चित्रफळ्यावर लोक पाणी, जेवण, शू, झोप एवढंच ठेवतात. अशा फळ्याने मूल फक्त मागू शकतं. आपण दिवसभर मागतो थोडं आणि बोलतो जास्त. म्हणून या गोष्टी हव्यातच : थांबा, पुन्हा सांगा, तसं नाही, मला काहीतरी सांगायचंय, कंटाळा आला, मज्जा, दुखतंय, कोण, का, तू सांग. 'दुखतंय'ला जोडून मागच्या बाजूला शरीराचं चित्र काढा, म्हणजे 'कुठे?' हा प्रश्न हाताशी राहतो. ते चित्र आमच्याकडे असतं, तर पाठ आणि पाण्याचा घोटाळा झाला नसता.

मांडणी आपल्या वाक्यासारखी ठेवा. मी, तू, आई, बाई, दादा हे डावीकडे, वस्तू आणि जागा मध्ये, क्रियापदं उजव्या टोकाला. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. परदेशी नमुने जसेच्या तसे उतरवलेल्या फळ्यांवर क्रियापद मध्ये येतं आणि मराठी बोलताना बोट उलटसुलट फिरत राहतं. क्रियापदांच्या शेजारी तीन चौकटी द्या : 'झालं', 'चाललंय', 'होणार'. प्रत्येक काळाचं वेगळं रूप लिहीत बसायची गरज नाही.

कागद जाड घ्या. लॅमिनेशन चकचकीत करू नका. वर्गाच्या खिडकीचा उजेड त्यावर पडला की मुलाला फक्त झळाळी दिसते. आमच्या तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याने मॅट फिनिशमध्ये सनबोर्डवर छापून दिला, तो पाऊस-पाणी सोसतो आणि घरून शाळेत सहज नेता येतो. डोळ्यांनी दिसण्यात अडचण असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी ठसठशीत अक्षरं आणि एका फळ्यावर कमी चौकटी. एकदा ठरलेली जागा बदलू नका. नवा शब्द आला तर रिकाम्या चौकटीत घाला, जुने हलवू नका. कीबोर्डवर आपली बोटं न बघता पडतात, तशी मुलाची नजर पडायला लागते. जागा बदलली की ती सगळी मेहनत वाया.

मोबाइल किंवा टॅबवरचं अ‍ॅप असेल तर जरूर वापरा. आयआयटी मुंबईने तयार केलेलं जेलो मोफत मिळतं. पण छापील फळा तरीही हवा. वीज जाते, चार्जिंग संपतं, उन्हात पडदा दिसत नाही. आणि मनूसारख्या मुलीचं बोट पडद्यावर हवं तिथे पडत नाही.

अक्षरफळा : वर्णमालेचा फायदा

इथे मराठीला एक देणगी मिळाली आहे. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार ओळींमध्ये लावलेली आहे. आधी ओळ, मग ओळीतलं अक्षर अशी निवड तिच्यात आयती बसते. चौथीतल्या मुलाला हा क्रम पाठ असतो, त्यामुळे पुढे काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. ओळी अशा लावा :

१. अ आ इ उ ए ओ
२. क ख ग घ
३. च छ ज झ
४. ट ठ ड ढ ण
५. त थ द ध न
६. प फ ब भ म
७. य र ल व
८. श ष स ह ळ
९. शब्द संपला / चूक झाली, मागे जा / तुम्ही चुकीचं समजलात / अंदाज करा

उजवीकडे वेगळ्या रकान्यात, या क्रमाने : काना, वेलांटी, उकार, मात्रा, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर. ङ आणि ञ मी वगळते. ऐ, औ, क्ष, ज्ञ यांची एक छोटी पट्टी मागे चिकटवते. ऱ्हस्व-दीर्घ दोन्हींसाठी एकच चौकट ठेवते. गप्पांमध्ये 'पाणि' आणि 'पाणी' सारखंच, शुद्धलेखन वहीत उतरवताना "पहिली की दुसरी?" असं विचारून घेते. परीक्षेत मात्र दर वेळी विचारायलाच हवं.

आता चालवायचं कसं ते बघू. साथीदार फळ्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणतो, "स्वर." थांबतो. "क ची ओळ." थांबतो. "च ची ओळ." हवी ती ओळ आली की मूल 'हो'कडे बघतं. काही केलं नाही तर 'नाही' समजायचं. प्रत्येक चुकीच्या ओळीला 'नाही' म्हणायला लावलं तर मूल पाच मिनिटांत गळून जातं. पण म्हणूनच थांबणं पूर्ण हवं. मनूने प्रश्न ऐकल्यापासून तिची नजर पट्टीवर पोचेपर्यंत किती वेळ जातो, हे मी घड्याळ लावून दहा वेळा मोजलं. तीन ते सहा सेकंद लागत होते. म्हणून प्रत्येक ओळीला मी मनात पाच आकडे मोजते आणि तिची नजर निघालेली दिसली की आणखी थांबते. तुमच्या मुलाचा वेळ तुम्ही मोजा, माझा घेऊ नका.

'पाठ' हा शब्द घेऊ. सहाव्या ओळीपर्यंत सहा विचारणा, मग 'प' ही पहिलीच, एक. "काही लागतं का?" एक. "काना?" एक. 'पा'ला नऊ झाल्या. पुढे 'ठ'साठी चौथ्या ओळीपर्यंत चार, ओळीत दुसरा म्हणून दोन, "काही लागतं का?" याला 'नाही', एक. सात. एकूण सोळा विचारणा, पाच सेकंदांच्या हिशोबाने साधारण ऐंशी सेकंद. 'पाणी'ला एकवीस लागतात, म्हणजे पावणेदोन मिनिटं. आपण बोलताना मिनिटाला शंभराहून अधिक शब्द बोलतो. ही तफावत समजल्याशिवाय साथीदाराच्या अंगात धीर येत नाही, असं मला वाटतं. नव्या शिक्षकांना मी एक सराव देते. त्यांनी खुर्चीत बसायचं, हात मांडीखाली ठेवायचे आणि फक्त डोळ्यांनी मला त्यांच्या मनातलं एक वाक्य सांगायचं. तिसऱ्या शब्दाला त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

साथीदाराने काय पाळायचं

प्रश्न एकदा विचारा आणि थांबा. दोन सेकंदांत पुन्हा विचारलात तर मुलाने जमवत आणलेली हालचाल मोडते आणि ते पहिल्यापासून सुरू करतं. आपण त्यालाच 'उत्तर देत नाही' म्हणतो. थांबताना मुलाकडे बघा, मोबाइलकडे नको. हात उडाला, तोंड उघडलं गेलं, तर ते नकार समजू नका. प्रयत्न सुरू झाल्याची ती खूण असू शकते.

निवडलेलं प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणा आणि कागदावर लिहा. "प. पा." आतापर्यंत काय झालं ते दोघांनाही डोळ्यांसमोर दिसायला हवं.

अंदाज करायचा का? मूल दमलेलं असताना चांगला अंदाज म्हणजे मोठी मदत असते, त्यामुळे मी तो बंद केला नाही, त्याला नियम लावला. नवव्या ओळीतली 'अंदाज करा' ही चौकट मुलाने निवडली तरच अंदाज. एक नव्हे, निदान दोन शब्द सुचवायचे : "पाणी? पाठ? की वेगळं?" प्रत्येकानंतर तितकंच थांबायचं. आणि उत्तर येईपर्यंत हाताने काही करायचं नाही. बाटली उघडायची नाही, दप्तर उचलायचं नाही. मूल तुमच्या शब्दांपेक्षा तुमच्या हातांना होकार देतं.

वाक्य संपल्यावर पूर्ण वाचून दाखवा आणि विचारा, "असंच म्हणायचंय?" मनूने 'बाई फळा नको गप्प बसा' असं म्हटलं तर तसंच लिहा. सुधारून 'बाई, कृपया शांत राहा' लिहिलंत तर ते तुमचं वाक्य झालं.

आणि हात धरू नका. मुलाचं मनगट, कोपर किंवा बोट धरून अक्षराकडे न्यायचं, किंवा अक्षरपाटी हवेत धरून ती थोडी थोडी हलवत राहायचं, अशा पद्धती अधूनमधून कुणीतरी घेऊन येतं आणि पहिल्याच दिवशी मूल मोठमोठी वाक्यं 'लिहितं'. आईला रडू येतं, आणि ते साहजिक आहे. पण तपासणीत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की अशा वेळी शब्द मुलाचे नसतात, धरणाऱ्याचे असतात, आणि धरणाऱ्याला ते कळतही नाही. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये या दोन्ही पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं.

आमच्या फळ्याचे शब्द मुलाचेच आहेत, हे बघायची सोपी रीत आहे. एकाने साथीदाराला खोलीबाहेर पाठवायचं आणि मुलाला एक चित्र दाखवायचं, समजा बैलगाडी. चित्र लपवायचं. साथीदार आत येतो आणि फळ्यावरून विचारतो, "काय पाहिलंस?" मूल ते सांगू शकलं तर शब्द त्याचे. महिन्यातून एकदा हा खेळ खेळा. मनूला तो फार आवडतो, कारण त्यात बाईंना माहीत नसलेलं तिला माहीत असतं.

पहिले तीन महिने

फळा आणला आणि मुलापुढे ठेवला म्हणून मूल बोलायला लागत नाही. बोलणारं बाळ वर्षभर ऐकतं, मग पहिला शब्द काढतं. फळ्याची भाषा मुलाने कुणाला बोलताना पाहिलेलीच नसते. म्हणून आधी तुम्ही फळ्यावर बोला. "आज पाऊस" म्हणताना पाऊस या चौकटीवर बोट ठेवा. "मला कंटाळा आला," "थांबा, मी येते" हे बोलताना बोट फिरवा. वाक्यातल्या प्रत्येक शब्दावर नको, एकदोन मुख्य शब्दांवर पुरे. मुलाकडून त्या वेळी काहीही मागू नका. मनूने पहिले पाच आठवडे फळ्यावर काहीच केलं नाही, नुसती बघत होती. सहाव्या आठवड्यात 'तसं नाही' निवडलं, तेही माझ्या चुलतभावाबद्दलच्या गप्पांमध्ये, गणिताच्या तासाला नव्हे.

या काळात फळा कुठे असतो याकडे लक्ष ठेवा. तो दप्तरात किंवा कपाटात असेल तर मुलाचा आवाज कपाटात बंद आहे. जेवताना, अंगणात, शाळेच्या गाडीत, सगळीकडे सोबत हवा.

वर्गात

तीस मुलांच्या वर्गात गुरुजींनी दोन मिनिटं थांबायचं कसं? थांबू नये, आधी द्यावं. मनूच्या गुरुजींशी आमचं ठरलं. उद्या तिला कोणता एक प्रश्न विचारणार, तो आज सांगायचा. ती घरी किंवा माझ्यासोबत उत्तर जुळवते, आजी वहीत लिहून देते, आणि वर्गात गुरुजींनी विचारल्यावर शेजारची मैत्रीण ते वाचते. लगेच उत्तर हवं असेल तर गुरुजी वर्गाच्या फळ्यावर चार पर्याय लिहितात, एकेकावर बोट ठेवतात, मनू 'हो'कडे बघते. पाचवा पर्याय नेहमी 'यातलं कुठलंच नाही'.

मैत्रिणी उत्तम साथीदार होतात, मोठ्यांपेक्षा लवकर. तिघींना शिकवलं, एकीवर भार पडू नये म्हणून आळीपाळीने. एक अडचण आली. त्या अभ्यासात तिला मदत म्हणून स्वतःचं उत्तर सुचवायच्या. ते थांबवायला त्यांना एवढंच सांगितलं, "उत्तर तुला माहीत असेल तर तू फळा धरू नकोस, दुसरीला दे." दुसऱ्या दिवसापासून फरक पडला.

परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळ हा हक्क आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच अशा पर्यायी पद्धतींचा उल्लेख आहे, आणि केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. पण फळा न कळणारा लेखनिक मिळाला तर तो वेळ पुरत नाही. परीक्षेच्या महिनाभर आधी लेखनिक ठरवा, आठवड्यातून दोनदा दोघांना एकत्र बसवा, आणि अंकांसाठी शून्य ते नऊ, अधिक-वजा, बरोबर यांचा वेगळा छोटा फळा करा. दीर्घोत्तरी प्रश्नांऐवजी थोडक्यात उत्तराचे प्रश्न मिळावेत म्हणून मुख्याध्यापकांमार्फत लेखी विनंती वेळेत करा.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

सगळ्याला 'हो' येऊ लागलं, तर मूल दमलंय किंवा तुम्हाला खूश करतंय. मध्येच "तुझ्या डोक्यावर शिंगं आहेत का?" असा एक प्रश्न टाका. त्यालाही 'हो' आलं तर फळा बाजूला ठेवा आणि वीस मिनिटांनी परत या. एकाच माणसासमोर मूल बोलतं आणि इतरांसमोर नाही, तर इतर जण पुरेसे थांबत नाहीत असं आधी धरा आणि त्यांचे सेकंद मोजा. मूल फळ्यावरून नजरच वळवू लागलं तर आधी दुखणं तपासा. दात, बद्धकोष्ठता, सांधा, पाठ. मगच 'हट्टी आहे' म्हणा.

मनू आता पाचवीत दुसऱ्या शाळेत गेली. तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं, म्हणून एक पान तयार केलं आणि खुर्चीच्या मागे प्लॅस्टिकच्या पाकिटात अडकवलं. मजकूर तिने अक्षरफळ्यावरून सांगितला, अकरा दिवस लागले :

'मी मनू. मला सगळं कळतं. समोर बसा. हिरवं हो, लाल नाही, पिवळं म्हणजे प्रश्न बदला. पाच मोजा. माझा शब्द मला पुरा करू द्या. पाणी मी मागेन. पाठ रोज बघा.'